ड्यू टू, देअरफोर, कॉन्सिक्वेन्टली: यांच्यापुढे नक्की काय येतं?

कुंदा_विचारते

एका चाचणीच्या अहवालातलं वाक्य तपासायला आलंय. फोनवर सारखी लिपी बदलायचा कंटाळा, म्हणून इंग्रजीही देवनागरीतच लिहिते:

"ड्यू टू द सेन्सर वॉज नॉट कॅलिब्रेटेड, द रीडिंग्ज वर राँग, देअरफोर वी रिपीटेड द टेस्ट, कॉन्सिक्वेन्टली द रिपोर्ट वॉज डिलेड."

अर्थ कळतो. काहीतरी बिघडलंय हेही कळतं. पण नुसतं दुरुस्त वाक्य नकोय मला. लिहिणाऱ्याला परत पाठवताना "हे का बदललं" ते सांगावं लागतं, आणि "कानाला बरं वाटत नाही" हे उत्तर त्याला पुरत नाही. तेव्हा कुठल्या शब्दापुढे काय येतं, आणि का, ते सांगा.

विहंग७

सोपं आहे. 'ड्यू टू' वाक्याच्या सुरुवातीला येत नाही, ते 'इज' किंवा 'वॉज'नंतरच येतं. तिथे 'बिकॉज ऑफ' टाका. "बिकॉज ऑफ द सेन्सर वॉज नॉट कॅलिब्रेटेड..." झालं काम.

अर्धविराम

विहंग, शब्द बदलला पण चूक होती तिथेच राहिली.

'ड्यू टू' संपतं 'टू'वर आणि 'बिकॉज ऑफ' संपतं 'ऑफ'वर. 'ओइंग टू', 'ऑन अकाउंट ऑफ', 'ॲज अ रिझल्ट ऑफ' हे सगळे त्याच घरचे. आपल्याकडचं शब्दयोगी अव्यय नामानंतर चिकटतं, इंग्रजीतलं नामाच्या आधी उभं राहतं, पण भूक दोघांची एकच. त्यांना नाम लागतं, काळ दाखवणारं क्रियापद असलेलं अख्खं वाक्य त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

मराठी माणसाची ही चूक का होते ते बघण्यासारखं आहे. आपण "पाऊस पडलामुळे" असं कधीच म्हणत नाही. "पाऊस पडल्यामुळे" म्हणतो. म्हणजे 'मुळे' लावण्याआधी 'पडला' हे क्रियापद मोडून त्याचं 'पडल्या-' करतो. 'आहे'चं 'असल्या-' होतं, 'नव्हता'चं 'नसल्या-' होतं. हे इतकं सहज होतं की आपण काही मोडलंय हे लक्षातही येत नाही. मग इंग्रजीत जाताना 'मुळे'च्या जागी 'ड्यू टू' ठेवतो आणि मोडलेलं क्रियापद पुन्हा धडधाकट उभं करतो: "ड्यू टू इट रेन्ड". इंग्रजी कानाला हे "पाऊस पडलामुळे" इतकंच खटकतं.

तपासायची पद्धत: जोडशब्दावर बोट ठेवा आणि उजवीकडे पहिल्या स्वल्पविरामापर्यंत वाचा. त्या तुकड्यात 'वॉज', 'इज', 'फेल्ड', 'हॅज' असं काळाबरोबर बदलणारं क्रियापद आपल्या कर्त्यासकट सापडलं, तर तिथे 'बिकॉज', 'सिन्स' किंवा 'ॲज' हवं. नाही सापडलं, तर 'ड्यू टू' किंवा 'बिकॉज ऑफ'. कुंदाताईंच्या वाक्यात 'द सेन्सर' आणि 'वॉज' दोन्ही आहेत, म्हणजे उत्तर तिथेच मिळालं.

विहंग७

पण "द ट्रेन इज ड्यू टू लीव्ह ॲट फाइव्ह" हे बरोबर वाक्य आहे ना? 'लीव्ह' हे क्रियापदच आहे की. म्हणजे 'ड्यू टू'पुढे क्रियापद चालतं.

अर्धविराम

चांगला अडकवलास. पण तो 'ड्यू' वेगळा. तिथे त्याचा अर्थ 'ठरलेला': गाडी पाचला सुटायची आहे. त्यातला 'टू' मागच्या 'ड्यू'चा जोडीदार नाही, तो पुढच्या 'लीव्ह'चा आहे. खात्री करायची तर 'बिकॉज ऑफ' ठेवून बघ. "द ट्रेन इज बिकॉज ऑफ लीव्ह" याला काही अर्थच उरत नाही. कारण सांगणाऱ्या 'ड्यू टू'च्या जागी मात्र 'बिकॉज ऑफ' ठेवलं तर निदान अर्थ शिल्लक राहतो.

आता तुझा सुरुवातीचा नियम. तो हवेतून आलेला नाही. 'ड्यू' हे मुळात विशेषण, म्हणून त्याला टेकायला नाम हवं असं जुने व्याकरणकार म्हणत. "द डिले वॉज ड्यू टू फॉग" यात 'ड्यू' हे 'डिले'ला टेकलंय. "ड्यू टू फॉग, द ट्रेन वॉज लेट" यात टेकायला नाम नाही, म्हणून चूक. फाउलर यांनी 1926 साली आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात यावर कडक ताशेरे ओढले होते. पण 1957 मध्ये कॅनडाच्या संसदेत राणी एलिझाबेथ यांनी वाचलेल्या अभिभाषणात नेमकं 'ड्यू टू'नेच सुरू होणारं वाक्य होतं. आज बहुतेक कोश दोन्ही वापर मान्य करतात. वाचणारा जुन्या वळणाचा असेल तर सुरुवातीला 'ओइंग टू' किंवा 'बिकॉज ऑफ' लिहावं, वाद टळतो.

तेव्हा तुझा नियम शैलीचा आहे. कुंदाताईंच्या वाक्यातली चूक रचनेची आहे. ती कुठल्याच वळणाच्या परीक्षकाला चालणार नाही.

रानमोगरी

'मुळे' आधीच्या शब्दाला जोडून लिहायचं की सुटं? मी तर 'पावसा मुळे' असं सुटं लिहिलेलं सर्रास बघते.

पाटीपेन्सिल

जोडूनच, पावसामुळे. पण धागा इंग्रजीचा आहे हो. 😀

पाटीपेन्सिल

आलोच आहे तर बोलतो. 'ड्यू टू'चं वाक्य 'बिकॉज'कडे न नेता दुरुस्त करायचं असेल, तर मुलांना मी तीन वाटा दाखवतो, आणि तिन्हींची किंमतही सांगतो.

पहिली वाट म्हणजे क्रियापदाचं नाम करणं: "ड्यू टू अ कॅलिब्रेशन एरर". दिसायला सगळ्यात नेटकी, आणि धोकाही इथेच. मूळ वाक्य म्हणतं कॅलिब्रेशन झालंच नाही, आणि हे म्हणतं झालं पण चुकीचं झालं. अर्थ राखायचा तर "ड्यू टू अ लॅक ऑफ कॅलिब्रेशन". नाम निवडताना माहिती बदलते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी वाट 'आयएनजी'ची: "ड्यू टू द सेन्सर्स नॉट बीइंग कॅलिब्रेटेड". 'सेन्सर'ला षष्ठीचा 'स' लावायचा बरं का.

तिसरी "ड्यू टू द फॅक्ट दॅट द सेन्सर वॉज नॉट कॅलिब्रेटेड". 'फॅक्ट' हे नाम मध्ये घातलं की 'टू'ची भूक भागते, मग 'दॅट'पुढे अख्खं वाक्य चालतं. व्याकरण शुद्ध. पण जे काम एकट्या 'बिकॉज'नं झालं असतं, त्याला पाच शब्द खर्ची पडले.

अर्धविराम

तिन्ही पटलं, फक्त षष्ठीचा 'स' सक्तीचा नाही. माणूस किंवा सर्वनाम असेल तर औपचारिक लेखनात "ड्यू टू हिज बीइंग लेट" असं षष्ठीचं रूप शोभतं. यंत्रासारख्या निर्जीव वस्तूला 'स' लावला की वाक्य अवघडून बसतं. "ड्यू टू द सेन्सर नॉट बीइंग कॅलिब्रेटेड" हे सरसकट छापलं जातं.

पाटीपेन्सिल

छापलं जातं म्हणून बरोबर होत नाही. आमच्याकडे उत्तरपत्रिकेत 'स' नसला की अर्धा गुण जातो.

अर्धविराम

उत्तरपत्रिकेत लावा मग. अहवालात मी लावणार नाही. तसंही या वाक्यात मला 'बिकॉज द सेन्सर वॉज नॉट कॅलिब्रेटेड' हीच दुरुस्ती सगळ्यात सरळ वाटते.

कुंदा_विचारते

'ड्यू टू'चं कळलं, 'पडलामुळे' तर डोक्यात बसलं. पण मग 'देअरफोर' आणि 'कॉन्सिक्वेन्टली'? त्यांच्यापुढे तर पूर्ण वाक्यच आहे, तरी मला तिथे खटकतंय.

अर्धविराम

खटकतंय ते त्यांच्या मागे. पुढे पूर्ण वाक्य आलं ते बरोबर आहे. गडबड आधीच्या स्वल्पविरामाची आहे.

शब्दकोशात 'देअरफोर' म्हणजे 'म्हणून' असं असतं, आणि तिथूनच वाट चुकते. आपलं 'म्हणून' उभयान्वयी आहे, दोन वाक्यं बांधायची ताकद त्याच्यात आहे. "रीडिंग चुकलं म्हणून चाचणी पुन्हा केली" यात मध्ये काही चिन्ह नसलं तरी चालतं. इंग्रजीत ही ताकद 'सो'कडे आहे: "द रीडिंग्ज वर राँग, सो वी रिपीटेड द टेस्ट". 'देअरफोर' मात्र क्रियाविशेषण आहे. ते वाक्यांचं नातं सांगतं, पण वाक्यं बांधत नाही.

हे पाठ करावं लागत नाही. शब्द सरकवून बघायचा. "वी देअरफोर रिपीटेड द टेस्ट" असं चालतं. "वी सो रिपीटेड द टेस्ट" चालत नाही. जो शब्द आपल्या वाक्यात इकडेतिकडे फिरू शकतो, तो दोन वाक्यांमधली खुंटी नसतो. खुंटी जागची हलत नाही. 'कॉन्सिक्वेन्टली', 'ॲज अ रिझल्ट', 'हेन्स', 'दस' या सगळ्यांच्या आधी नुसता स्वल्पविराम ठेवून दोन पूर्ण वाक्यं जोडली की तीच चूक होते.

दुरुस्ती तीन प्रकारे होते. आधी पूर्णविराम देऊन नवं वाक्य सुरू करा. किंवा अर्धविराम द्या (नावाला जागतो मी). किंवा खरी खुंटी आणा: "...वर राँग, अँड वी देअरफोर रिपीटेड द टेस्ट". पूर्णविराम किंवा अर्धविरामानंतर 'देअरफोर' पहिलं आलं, तर त्याच्यापुढे सहसा स्वल्पविराम देतात. वाक्याच्या पोटात आलं तर बहुतेक वेळा काहीच लागत नाही.

झपाटलेला

'ॲज अ रिझल्ट' आणि 'ॲज अ रिझल्ट ऑफ' यात मी कायम घसरतो.

अर्धविराम

'ऑफ' आलं की ते 'ड्यू टू'च्या घरी गेलं: पुढे नाम, आणि ते नाम म्हणजे कारण. 'ऑफ' नसेल तर ते 'देअरफोर'च्या घरी: पुढे पूर्ण वाक्य, आणि ते वाक्य म्हणजे परिणाम. एका 'ऑफ'नं व्याकरणही बदलतं आणि कारण-परिणामाची दिशाही उलटते. क्रियापद म्हणून 'रिझल्ट' वापरलंत तरी दिशेकडे लक्ष हवं. 'रिझल्ट इन'पुढे परिणाम येतो, 'रिझल्ट फ्रॉम'पुढे कारण.

रानमोगरी

आता विषयावरच विचारते. "गाळणी तुंबू नये म्हणून जाळी बसवली" याचं इंग्रजी करताना 'म्हणून'ला 'सो' ठेवलं: "वी फिटेड अ मेश, सो द फिल्टर डझ नॉट क्लॉग". कुणीतरी म्हणालं अर्थ बदलला. कसा?

पाटीपेन्सिल

तुमच्या मराठीत 'म्हणून' हेतू सांगतंय, परिणाम नाही. 'तुंबू नये' हे विध्यर्थी रूप आहे ना, तीच खूण. "गाळणी तुंबली म्हणून" हे कारण, "गाळणी तुंबू नये म्हणून" हा हेतू. मराठीत क्रियापदाचं रूप फरक दाखवतं, जोडशब्द तोच राहतो. इंग्रजीत जोडशब्दच बदलतो. हेतूला 'सो दॅट' लागतं, आणि त्यापुढच्या वाक्यात 'वुड', 'कुड' किंवा 'विल', 'कॅन' असं काहीतरी: "वी फिटेड अ मेश सो दॅट द फिल्टर वुड नॉट क्लॉग". 'सो दॅट'च्या आधी हेतू सांगताना स्वल्पविराम देत नाहीत.

तुमचं वाक्य वाचणारा असं समजेल की जाळी बसवली आणि परिणामी आता गाळणी तुंबत नाही. म्हणजे काम फत्ते झाल्याचं तुम्ही जाहीर केलंत.

'देअरफोर'नं तर हेतू सांगताच येत नाही. 'हेन्स', 'कॉन्सिक्वेन्टली' यांनीही नाही.

विहंग७

'देअरफोर' आणि 'कॉन्सिक्वेन्टली' एकच ना मग? व्याकरण तेच, अर्थ तोच. आलटून पालटून वापरले की झालं.

अर्धविराम

व्याकरण तेच. अर्थ बऱ्याचदा तोच, नेहमी नाही. 'कॉन्सिक्वेन्टली'ला घडलेला परिणाम लागतो: आधी हे झालं, त्याच्या पोटी ते झालं. 'देअरफोर' हे तर चालवतंच, शिवाय अनुमानही चालवतं. "द लाइट इज ऑन; देअरफोर, समवन इज इन" हे बरोबर आहे. आत माणूस आहे याचं कारण दिवा नाही, दिव्यावरून आपण माणूस ओळखला. तिथे 'कॉन्सिक्वेन्टली' ठेवलंस तर दिवा लागला म्हणून माणूस आत आला असं होईल.

कुंदाताईंच्या वाक्यात गंमत अशी की शब्दांची निवड अगदी नेमकी आहे. चाचणी पुन्हा करणं हा निर्णय, तिथे 'देअरफोर'. अहवालाला उशीर हा घडलेला परिणाम, तिथे 'कॉन्सिक्वेन्टली'. लिहिणाऱ्याला अर्थ कळलाय, चिन्हं तेवढी कळलेली नाहीत. त्याला तसं कळवा, बरं वाटेल.

जाता जाता: 'सब्सिक्वेन्टली' म्हणजे फक्त 'त्यानंतर'. त्यात कारण नाही. घाईत लोक तेच टाकतात.

पाटीपेन्सिल

आणखी एक. दुरुस्त करताना लोक सुरुवातीला 'बिकॉज' आणतात आणि मधलं 'देअरफोर' तसंच ठेवतात: "बिकॉज द सेन्सर वॉज नॉट कॅलिब्रेटेड, देअरफोर द रीडिंग्ज वर राँग". आपल्या कानात 'ज्याअर्थी... त्याअर्थी' अशी जोडी असते, म्हणून हे बरं वाटतं. इंग्रजीत एका नात्याला एकच जोडशब्द पुरतो. 'बिकॉज' ठेवा किंवा 'देअरफोर' ठेवा.

झपाटलेला

माझ्या प्रबंधातलं एक वाक्य: "द पंप स्टॉप्ड, ड्यू टू व्हिच द टँक ओव्हरफ्लोड." मार्गदर्शकांनी 'ड्यू टू व्हिच'वर लाल रेघ मारलीय. कारण लिहिलं नाही. वर सांगितलेल्या नियमानं 'टू'पुढे 'व्हिच' हे सर्वनाम आहे, म्हणजे नामाच्या जागी चालायला हवं. मग चूक काय?

अर्धविराम

हे आपल्या 'ज्यामुळे'चं शब्दशः रूप. टाकी भरून वाहिली ती पंप बंद पडल्यामुळे, म्हणजे 'व्हिच' हे एका नामाऐवजी मागच्या अख्ख्या वाक्याला बोट दाखवतंय. मागे दोन-तीन नामं असली तर वाचणारा अडखळतो: पंपामुळे की पंप थांबल्यामुळे? मी ते काढून "द पंप स्टॉप्ड, अँड ॲज अ रिझल्ट द टँक ओव्हरफ्लोड" असं करीन. अथवा "कॉजिंग द टँक टू ओव्हरफ्लो".

पाटीपेन्सिल

माझ्या मते ते अशुद्ध नाही. 'व्हिच' अख्ख्या वाक्याकडे बोट दाखवतंच की: "ही केम लेट, व्हिच अनॉइड एव्हरीवन". ते चालतं तर हेही चाललं पाहिजे. आपल्याकडच्या इंग्रजीत ते जास्त दिसतं म्हणून बाहेरच्याला खटकतं, एवढंच.

अर्धविराम

अशुद्ध मीही म्हणालो नाही, अवजड म्हणालो. तरी 'व्हिच'ला कर्ता करणं आणि 'ड्यू टू'च्या पोटात घालणं यात मला फरक वाटतो. नेमका नियम दाखवा म्हणाल तर दाखवता येणार नाही.

झपाटलेला

म्हणजे लाल रेघेचं कारण अजून लटकलेलंच.

कुंदा_विचारते

सगळं वाचून माझा मसुदा असा झाला:

"बिकॉज द सेन्सर वॉज नॉट कॅलिब्रेटेड, द रीडिंग्ज वर राँग; देअरफोर, वी रिपीटेड द टेस्ट; कॉन्सिक्वेन्टली, द रिपोर्ट वॉज डिलेड."

अर्धविराम

व्याकरण शुद्ध. पण एका वाक्यात दोन अर्धविराम आणि तीन जोडशब्द झाले, वाचणाऱ्याला प्रत्येक पायरीवर ठेच लागते. एक तोडा आणि एक जोडशब्द पोटात सरकवा:

"बिकॉज द सेन्सर वॉज नॉट कॅलिब्रेटेड, द रीडिंग्ज वर राँग. वी देअरफोर रिपीटेड द टेस्ट, विच डिलेड द रिपोर्ट."

शेवटी 'कॉन्सिक्वेन्टली'ची गरज उरली नाही. 'डिलेड' या क्रियापदातच परिणाम आला.

पाटीपेन्सिल

बघा, तुम्हीच 'व्हिच' अख्ख्या वाक्याला लावलंत.

अर्धविराम

कर्ता म्हणून लावलं. तो वाद वर चालू ठेवा. 😀

कुंदा_विचारते

पाटीपेन्सिल यांचा 'एरर' की 'लॅक' हा मुद्दा मी लिहिणाऱ्याला जसाच्या तसा विचारला. उत्तर आलं: कॅलिब्रेशन झालं होतं आणि बरोबर झालं होतं, पण त्याची मुदत संपली होती. म्हणजे 'वॉज नॉट कॅलिब्रेटेड' हेही खरं नाही, आणि 'कॅलिब्रेशन एरर' लिहिलं असतं तर तेही खोटं ठरलं असतं. शिवाय त्याचं म्हणणं, नुसत्या मुदतीवरून रीडिंग चुकलं असं सिद्ध होत नाही. चुकलं असण्याची शक्यता होती, म्हणून पुन्हा घेतलं.

अर्धविराम

मग 'राँग' पण काढा. "बिकॉज द सेन्सर्स कॅलिब्रेशन हॅड एक्स्पायर्ड, द रीडिंग्ज कुड नॉट बी ट्रस्टेड. वी देअरफोर रिपीटेड द टेस्ट, विच डिलेड द रिपोर्ट." आता 'देअरफोर' आणखी घट्ट बसलं, कारण खात्री नसताना घेतलेला निर्णय आहे.

पाटीपेन्सिल

आणि 'सेन्सर'ला 'स' लावलात. लावणार नाही म्हणाला होतात.

अर्धविराम

पुढे 'कॅलिब्रेशन' हे नाम आहे, 'बीइंग' नाही. तिथे 'स' लावायला माझी कधीच ना नव्हती.

विहंग७

"ड्यू टू एक्स्पायर्ड कॅलिब्रेशन" असं केलं तर? आता पुढे नुसतं नाम आहे, 'वॉज' कुठेच नाही.

अर्धविराम

चालेल.

विहंग७

वाक्याच्या सुरुवातीला?